फळीवर २८, स्क्रीनवर २५

शुक्रवार, म्हापशाचा बाजार ऐन भरात. दुकानातून फोन आला, "मॅडम, अर्ध्या किलोची काजूची पाकिटं मी आत्ता हाताने मोजली. अठ्ठावीस आहेत. स्क्रीनवर पंचवीस कशी?" ऑनलाइन दुकानातही २५च दिसत होती.

दुकानाचा साठा स्क्रीनवर आणि वेबसाइटवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग मी पणजीत करते. लॉग काढला. सकाळची मोजणी २०, मग ३ विकली गेली, मग वेर्ण्याच्या गोदामातून १२ आली. २९ व्हायला हवीत. दुपारी पुन्हा मोजली तेव्हा एक फाटकं बाजूला काढून २८ नोंदवली. दुकानात सगळं बरोबर होतं. पण ३च्या विक्रीचा मेसेज पाठवताना इंटरनेट तुटलं आणि तो रीट्रायच्या रांगेत पडून राहिला. मागचे मेसेज पुढे निघून गेले. सर्व्हरने २८ची मोजणी घेतली आणि त्यानंतर पोचलेली विक्री तिच्यातून पुन्हा वजा केली.

मला एवढ्या एका क्रमावर थांबायचं नव्हतं. दोन मोजण्या, विक्री आणि गोदामाचा माल असे चार मेसेज २४ क्रमांनी येऊ शकतात, म्हणून ते सगळे क्रम टेस्टमध्ये चालवले. २८ फक्त ६ वेळा आले: दुपारची मोजणी सर्वांत शेवटी पोचली तेव्हाच. उरलेल्या १८ वेळा कुठे १७, कुठे ४०. बाकीच्या दिवशी आकडा जुळत होता तो केवळ नशिबाने, आणि हे मला फार अस्वस्थ करून गेलं.

"वेळेनुसार लावून घेऊ," डेव्हलपर म्हणाला. मी नको म्हटलं, कारण बिलिंगच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागेपुढे असू शकतं. त्याऐवजी दुकानाच्या कॉम्प्युटरने प्रत्येक नोंदीला चढता नंबर द्यायचा असं ठरलं. गोदामाचा मालसुद्धा दुकानात स्कॅन झाल्यावरच दुकानाच्या साठ्यात धरायचा. तोवर तो 'वाटेत'. म्हणजे दुकानाचा आकडा बदलणारा एकच. सर्व्हर सगळ्यांत मोठ्या नंबरची मोजणी घेतो आणि तिच्यापुढच्या नंबरांचीच बेरीज-वजाबाकी करतो. जुना मेसेज उशिरा आला तर तो हिशेबात जमा होतो, साठ्याला हात लावत नाही. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सोडून देतो.

पुन्हा २४ क्रम चालवले, मुद्दाम काही मेसेज दोनदा पाठवून. प्रत्येक वेळी २८.

पण हा शेवटचा आकडा झाला. मेसेज अडकलेला असतो तेवढ्या वेळात दुकानात विकलेलं पाकीट वेबसाइट पुन्हा विकू शकतेच, नंबर लावून ते थांबत नाही. म्हणून आणखी एक टेस्ट लिहिली: नंबर ५ नंतर थेट ७ आला, तर ६ येईपर्यंत साठा कमी करणाऱ्या नोंदी लगेच दाखवायच्या, वाढवणाऱ्या रोखून धरायच्या. लाईन पूर्ण बंद असली तर नंबरांत खंडही दिसत नाही. त्यासाठी दुकानाचा कॉम्प्युटर दर मिनिटाला शेवटचा नंबर कळवतो, आणि तो येईनासा झाला की वेबसाइट त्या दुकानातली शेवटची काही पाकिटं विकायचं थांबवते. किती ठेवायची, ते दुकानदारच ठरवतो. शुक्रवारी म्हापशात जास्त.