साखरेचा डबा कुठे आहे

मंगळवार, रात्री साडेदहा

उद्या पाच दिवसांसाठी नागपूरला निघायचं. आईजवळ मावशी राहणार आहेत. दोन वर्षं दिवसपाळीला येतात, पण रात्रीला पहिल्यांदाच. म्हणून संध्याकाळपासून त्यांच्यासाठी कागद लिहीत बसले होते. पहिला कागद फाडला.

त्यात लिहिलं होतं, "सकाळी पांढरी गोळी, नाश्त्याआधी गुलाबी." मग डबा उघडून पाहिला. थायरॉइडची पांढरी, बीपीचीही पांढरी, आणि शुगरची गुलाबी आता गुलाबी राहिलेलीच नाही, कारण या महिन्यात केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली. औषध तेच, रंग वेगळा. म्हणजे रंगावर लिहिणं सोडायचं. पाकिटावर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचं खरं नाव असतं, शुगरच्या गोळीचं ग्लिमेपिराइड, तेच मी मोठ्या देवनागरीत लिहिलं आणि प्रत्येक पाकीट वेगळ्या पिशवीत घालून तेच नाव पिशवीवर चिकटवलं. थायरॉइडची उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या तासाने. आई चहासाठी घाई करते, तेव्हा "ताईंनी सांगितलंय" असं बेलाशक म्हणा, हेही लिहिलं.

पण खरी गोष्ट ग्लिमेपिराइडची. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात काही असो वा नसो. गेल्या वर्षी मी दोन दिवस नव्हते, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या चिठ्ठीप्रमाणे बरोबर वेळेवर गोळी दिली. त्या दिवशी संकष्टी होती. आईने नाश्ता केलाच नाही, चंद्रोदयापर्यंत थांबणार होती. अकराच्या सुमारास ती काकूंवर खेकसायला लागली, ओठ थरथरत होते, ब्लाउज घामाने भिजलेलं. काकूंना वाटलं, उपवासाने चिडचिडली. त्यांनी गोड चहा करून दिला. आमच्याकडे ओट्यावरच्या डब्यात शुगरफ्री असते! त्याने रक्तातली साखर वाढत नाही. मग त्यांनी मला फोन केला, मी मीटिंगमध्ये. शेवटी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर मुलीने मीटर लावलं, ५२ आली. तिने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. चूक काकूंची नव्हतीच. चिठ्ठीत वेळ होती, अट नव्हती.

या वेळी आईच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनी आईपुरतं स्पष्ट सांगितलं: नाश्ता समोर येऊन ती खायला बसली की मगच ही गोळी, आणि ज्या दिवशी नाश्ता नाही त्या दिवशी ही गोळी नाही. शुक्रवारी संकष्टी आहे. आई साबुदाण्याची खिचडी खाणार असेल तर तेही खाणंच, पण त्या दिवशी दुपारी साखर मीटरवर पाहायची, असं ते म्हणाले.

त्यामुळे कागदाचा सगळ्यात मोठा भाग असा झाला: घाम, थरथर, बोलणं अडखळणं किंवा उगाच भांडण, यातलं काहीही दिसलं की आधी मीटर. ७० च्या खाली असेल तर अर्धा ग्लास पाण्यात तीन चहाचे चमचे साखर, ढवळून, घोटघोट. पंधरा मिनिटांनी परत मीटर. अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी किंवा दूधभात, कारण या गोळीचा असर तासन्‌तास राहतो आणि साखर परत घसरू शकते. पेढा नको, तुपामुळे त्यातली साखर सावकाश चढते. आणि ती हाकेला ओ देत नसेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८.

फोनचा क्रम बदलला. आधी १०८, मग वरची डॉक्टर मुलगी, मग काकू, मी सगळ्यात शेवटी. नागपुरातून मी काय करणार? खाली १०८ वर सांगायचा पत्ता अक्षरशः बोलायच्या वाक्यात लिहिला: सदाशिव पेठ, कोणती गल्ली, कोणत्या दुकानासमोर, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, उचलून खाली न्यावं लागणार हे त्यांना आधीच कळेल.

नऊ वाजता मावशींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, ते साखरेचं खरं, पण साखर कुठंय?" मी उठले. खऱ्या साखरेचा डबा वरच्या फळीवर, रव्यामागे, आईच्या हाताला लागू नये म्हणून मीच ठेवलेला. खाली काढला, वाटीभर साखर झाकणाच्या बरणीत भरून मीटरशेजारी ठेवली. बरणीवर लिहिलं, "औषध."

कागद फ्रिजवर चिकटवायला गेले तर आई म्हणाली, "तिथं नको. कॅलेंडर झाकलं जातं, मला चतुर्थी दिसायला हवी."

डावीकडे सरकवला.