दहा मिनिटं, एक विधान

आज परिषदेत दहा मिनिटं बोलले. माझा निबंध तीन हजार शब्दांचा. परवा घरी मोठ्याने वाचून पाहिला, तर दहाव्या मिनिटाला मी अजून पूर्वसंशोधनातच होते! मग तो बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहिलं: 'या दोन हस्तलिखित प्रती एकाच हरवलेल्या प्रतीवरून उतरवल्या आहेत.' 'मी पाच प्रतींचा अभ्यास केला' हा विषय झाला, विधान नव्हे. त्यावर कोणाला 'नाही' म्हणताच येत नाही.

मग प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न विचारला: हा काढला तर विधान पडतं का? कागद, शाई, इतर तीन प्रती, सगळं गेलं. दोन्ही प्रतींतली सारखी चूक तेवढी उरली.

परिषदेत ते एक वाक्य पहिल्याच मिनिटात सांगितलं. मग दोन्ही पानांचे फोटो शेजारी शेजारी. दोन्हींत एकाच ठिकाणी एक ओळ गळलेली. पण जवळच्या दोन ओळींचा शेवटचा शब्द सारखा असला की उतरवताना नजर घसरून ओळ गळते, आणि ते प्रती उतरवणाऱ्या दोघांच्या हातून वेगवेगळंही घडू शकतं. ही शंका मीच काढली. म्हणून खरा पुरावा पुढचा: गळलेल्या ओळीच्या जागी दोघांकडे तीच जोडलेली चार अक्षरं, मूळ पाठात कुठेच नसलेली. तिथे मी पूर्ण तीन मिनिटं थांबले.

नंतरचे सगळे प्रश्न त्या चार अक्षरांवरच आले. किती बरं वाटलं!