कारखान्याला वेबसाइटचं प्रपोजल लिहिताना

(तुम्ही विचारलंत म्हणून)

"छोट्या कारखान्याला प्रपोजल देताना त्यात नक्की लिहिता काय, आणि आकडा आणता कुठून?"

आकडा कॅटलॉगमधून येतो. म्हणून लिहायला बसायच्या आधी मी जाऊन कॅटलॉग बघते, फोनवर ठरवत नाही, कारण फोनवर सगळ्यांची साइट "अगदी साधी, दहा-बारा पानांची" असते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की रबाळे जवळच, तिथल्या एमआयडीसीत ओ-रिंग आणि गॅस्केट बनवणारे एकजण आहेत, त्यांचंच उदाहरण घेते. त्यांनीही साधी साइट सांगितली होती आणि मग कॉम्प्युटरवर रेट लिस्ट उघडली तर एक्सेलमध्ये सहाशेच्या आसपास ओळी! ओ-रिंग म्हणजे आतला व्यास, जाडी आणि मटेरियल, त्यात नायट्रिल, व्हिटॉन, सिलिकॉन, ईपीडीएम, म्हणजे तीच रिंग चार प्रकारांत. आता प्रत्येक साइझला वेगळं पान केलं तर मी वर्षभर तेच करत बसणार, आणि सगळ्या ओ-रिंगना मिळून एक फोटो, चार ओळी टाकल्या तर गिऱ्हाइकाकडच्या पर्चेसवाल्याला त्याचा साइझच सापडणार नाही, तो दुसऱ्याला फोन लावेल.

म्हणून कामाची व्याप्ती लिहिताना मी पानं मोजून लिहिते. "आकर्षक, मोबाइल-फ्रेंडली वेबसाइट" असलं काही नाही, त्याचा अर्थ दोन्ही बाजू आपापला लावतात. त्यांना दिलेल्या प्रपोजलच्या पत्रात असं होतं:

"एकूण १३ पानं: मुख्य पान, आमच्याविषयी, क्वालिटी, संपर्क, आणि उत्पादनांची ९ पानं. साइझचा एकच तक्ता, ६५० ओळींपर्यंत, व्यास आणि मटेरियल टाकून शोधता येईल असा. तक्त्यासाठी एक्सेल तुम्ही द्याल, रकान्यांचा नमुना सोबत जोडला आहे. त्यातले आकडे तुमच्याकडून तपासून आलेले असतील."

शेवटचं वाक्य कोरडं वाटतं पण मिलिमीटरचा एक टिंब सरकला तर चुकीचा माल जातो आणि ते मला तपासता येणारच नाही, मला रबरातलं काय कळतं.

त्याखाली लगेच काय नाही ते लिहिते, आणि ही यादी कधीकधी वरच्यापेक्षा लांब होते. फोटो नाहीत. काळं रबर पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला की नुसता काळा गोल दिसतो, त्यावर धूळ आणि तेलाचे डाग मात्र ठळक, शिवाय व्हॉट्सअॅपवर पाठवलं की क्वालिटी मरते. म्हणून पत्रातच सांगते की फोटोग्राफर तुमचा, किंवा फोनने काढा पण मूळ फाइल ड्राइव्हवर टाका. मजकूर लिहून देणं नाही, ऑनलाइन पेमेंट नाही, गूगलवर पहिला नंबर तर नाहीच, त्याची हमी देणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

डोमेनचा मुद्दा वेगळा लिहिते. बहुतेक ठिकाणी डोमेन जुन्या डिझाइनरच्या अकाउंटवर असतं आणि त्यावरच कंपनीचे ईमेल चालतात. नवीन होस्टिंगवर जाताना नेमसर्व्हर बदलले आणि मेलचे एमएक्स रेकॉर्ड तिकडे तसेच्या तसे नेले नाहीत, तर साइट छान दिसते पण मेल यायचे बंद, आणि मालकांना ते कधी कळतं तर गिऱ्हाईक फोन करून विचारतं की पीओ पाठवलेली, मिळाली का? म्हणून पत्रात एक ओळ: डोमेन आणि होस्टिंग कंपनीच्या नावावर, कंपनीच्या कार्डावर, आणि बदलण्याआधी सध्याचे सगळे रेकॉर्ड उतरवून ठेवले जातील.

वेळापत्रकात मी शेवटची तारीख देत नाही, सुरुवातीची अट देते. "अॅडव्हान्स आणि एक्सेल दोन्ही मिळाल्यानंतरच्या सोमवारपासून ५ आठवडे." पहिल्या आठवड्यात मुख्य पान आणि एका उत्पादनाच्या पानाचं डिझाइन, ते पास झालं की तीन आठवडे बांधणी, शेवटचा दुरुस्त्यांचा. दुरुस्त्या दोन फेऱ्या, आणि एक फेरी म्हणजे सगळं एका मेलमध्ये, रात्री अकराला एकेक व्हॉइस नोट नव्हे (हे जरा सभ्य भाषेत लिहिते). ओके देणारा माणूस एकच आणि त्याचं नाव पत्रात, नाहीतर वडिलांनी पास केलेला निळा रंग मुलगा हिरवा करायला सांगतो आणि दोघांचं भांडण माझ्या मेलबॉक्समध्ये होतं. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तारखा तितक्या सरकतात, हेही तिथेच.

आता पैसे. रबाळेवाल्यांचा हिशोब असा होता: मुख्य पानाचं डिझाइन आणि नेहमीची पानं मिळून २२,०००, उत्पादनाचं पान ३,००० प्रमाणे नऊ म्हणजे २७,०००, शोधता येणारा तक्ता १२,०००, चौकशीचा फॉर्म, मेलची जोडणी आणि साइट चढवणं ७,०००. एकूण ६८,०००. एकच गोळा आकडा दिला की घासाघीस त्या आकड्यावर होते, तुकडे दिले की कामावर होते. साहेब म्हणाले पन्नासमध्ये बसवा. मी म्हटलं बसेल की, तक्त्याऐवजी पीडीएफ चार्ट लावू आणि दोन उत्पादनांची पानं काढू, बरोब्बर पन्नास. ते जरा थांबले, मग म्हणाले तक्ता राहू दे, पर्चेसवाले तेच बघतात, त्यापेक्षा ही तीन आयटम काढा, वर्षाकाठी एखादी ऑर्डर येते त्यांची. ५९,००० ला ठरलं. माझा दर तोच राहिला आणि त्यांनाही काय सोडलं ते माहीत होतं.

हप्ते ४०-४०-२० टक्के: २३,६०० सुरुवातीला, २३,६०० बांधणी दाखवल्यावर, ११,८०० साइट त्यांच्या डोमेनवर चढवण्याआधी. माझी उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्यामुळे जीएसटी लागत नाही, पण हे स्पष्ट लिहावं लागतं कारण त्यांचा अकाउंटंट इनपुट क्रेडिट शोधत बसतो.

आणि माझं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, तो नंबरही टाकते. एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे, त्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ पासून तर उशीर केला की तो खर्च आयकरात पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय धरता येत नाही, त्यामुळे सीए लोक स्वतःच आठवण करतात. गंमत म्हणजे कारखानेवाल्यांना हा नियम पाठ असतो, त्यांचेही पैसे मोठ्या कंपन्यांकडे असेच अडकलेले असतात.

पत्र दोन पानांचं, पीडीएफ करून मेलवर आणि व्हॉट्सअॅपवर, त्यातले दर पंधरा दिवसांपुरतेच लागू. व्हॉट्सअॅपवर अंगठा येतो लगेच. तरी मी मेलवर "सोबतच्या अटी मान्य" एवढी एक ओळ मागून घेते आणि ती आल्यावरच पहिल्या हप्त्याचं बिल पाठवते.