तुम्ही विचारलंत म्हणून : पदरचं किती घालता?

"जाहिरातीतले शेतकऱ्यांचे अभिप्राय पाठ करून घेतल्यासारखे वाटतात. तुम्ही लिहिता ते खरे वाटतात. त्यात पदरचं किती घालता?"

काहीच नाही. उलट काढावंच लागतं. मागच्या वर्षी यवतमाळकडच्या एका ठिबक विक्रेत्यानं माझ्याकडे ही ओळ पाठवली : 'या ठिबकमुळे माझे उत्पन्न दुप्पट झाले. मी अत्यंत समाधानी आहे.' आमच्याकडे पऱ्हाटीच्या वावरात उभा राहून असं कोणी बोलत नाही. ते वाक्य विक्रेत्याच्या पोरानं लिहिलं होतं, शेतकऱ्यानं फक्त मान डोलावली होती.

मी वावरात गेलो. 'ठिबक कसं वाटलं?' असं मी कधीच विचारत नाही, कारण त्याचं उत्तर 'चांगलं' एवढंच येतं. मी विचारलं, "ठिबक नव्हतं तेव्हाचं शेवटचं ओलित आठवते का?" मग भाऊ सुरू झाले. रात्रीची लाइन, हातात टॉर्च, सरीत पाणी वळवताना पायाशी साप, तीन एकराला तीन रात्री.

दुप्पटचं विचारलं तर हिशोब निघाला, एकरी सहा क्विंटलचे अकरा. म्हणजे दुप्पट नाहीच. त्यातही आदल्या साली ऐन वेचणीत पाऊस येऊन बोंडं सडली होती. सहा आणि अकरा हे दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते शेजारी छापले की वाचणारा सगळं श्रेय ठिबकला देतो. म्हणून मी उत्पन्नाची गोष्टच काढून टाकली. विक्रेते नाराज झाले. केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जाहिरातीतला अभिप्राय त्या माणसाचं खरं मत असावा लागतो आणि त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा लागतो. तेवढं सांगितल्यावर ते गप्प बसले.

फिल्टर दोनदा चोंदला, हे मात्र मी ठेवलं. ज्यानं ते वापरलं त्यालाच ही तक्रार सुचते.

मी वाक्यं मागेपुढे करतो, पाल्हाळ छाटतो. अवतरणात मात्र फक्त रेकॉर्ड झालेले शब्द घेतो. भाषा त्यांचीच ठेवतो, पण प्रत्येक 'मले' जपत बसत नाही, नाहीतर माणसाची नक्कल केल्यासारखं होतं.

छापण्याआधी सगळा मजकूर त्यांना घरी वाचून दाखवला. 'तीन रात्री' ऐकताच वहिनी आतून बोलल्या, "तीन कुठं जी, दोनच. तिसऱ्या रात्री तं लाइनच नोती, घरीच होते हे."

भाऊंनी आठवून पाहिलं आणि मान्य केलं. मी तिथंच 'तीन' खोडून 'दोन' केलं आणि खाली त्यांची सही घेतली. छापलं ते असं : "दोन रात्री पाण्यात उभा राहत होतो. आता वॉल फिरवतो अन् घरी येऊन झोपतो. फिल्टर तेवढा धुवा लागते, दोनदा चोंदला."