चार केंद्रकं दिसली, म्हणून

डीएमएलटी झाल्यावर लॅबमध्ये मी एकट्याने तपासलेला पहिला स्टूलचा नमुना एका काकांचा होता. पोट फुगतं म्हणून त्यांचे अमीबावरच्या मेट्रोनिडाझोल या औषधाचे दोन कोर्स आधीच झाले होते. स्टूल घट्ट, रक्त नाही, शेंब नाही. अशा नमुन्यात अमीबा असलाच तर बहुधा सिस्ट, म्हणजे कवचातलं निपचित रूप सापडतं. सरपटणारा, खाणारा ट्रोफोझोइट सहसा पातळ शौचात दिसतो.

स्लाइडवर एक थेंब सलाइनचा, दुसरा आयोडीनचा घेतला. त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना इतका पातळ पसरला की खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. आयोडीनच्या बाजूला पिवळसर गोल सिस्ट दिसली. आत केंद्रकं मोजली, चार. मी लगेच रोग करणाऱ्या अमीबाचं नाव लिहिलं, 'एन्टअमीबा हिस्टोलिटिका'.

मॅडमनी रिपोर्ट पाहून एकच विचारलं, "माप घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. आयपीसमधल्या पट्टीचा एक भाग आमच्या 40च्या लेन्सखाली अडीच मायक्रोमीटरचा. सिस्ट आठ भागांची भरली, म्हणजे वीस मायक्रोमीटर. हिस्टोलिटिकाची बहुतेकदा बारा ते पंधरा असते. मग मी आणखी सिस्ट शोधल्या आणि फोकस वर-खाली करत मोजत गेलो. बहुतेकांत केंद्रकं आठ, आणि प्रत्येकातला ठिपका मधोमध नाही, कडेला सरकलेला. ही एन्टअमीबा कोलाय. निरुपद्रवी. (त्याच नावाच्या जिवाणूशी हिचा संबंध नाही, पण रिपोर्टवर नुसतं 'ई. कोलाय' लिहिलं की घोळ होतो.) कोलायची सिस्ट पिकायची असली की तिच्यातही केंद्रकं चार असतात. मी नेमकी तशीच एक पाहून थांबलो होतो.

काकांना एक दिवस आड करून आणखी दोन नमुने द्यायला सांगितले, कारण सिस्ट रोज पडतातच असं नाही. दोन्हींत फक्त कोलाय. तिसरा कोर्स टळला.

"आणि समज, तेरा मायक्रोमीटरची, चार केंद्रकांची मिळाली असती तर?" मॅडमनी विचारलं. मी हिस्टोलिटिका म्हणालो. तेही चूक होतं. एन्टअमीबा डिस्पार हुबेहूब तशीच दिसते आणि रोग करत नाही. 1993 मध्ये दोन्ही जाती वेगळ्या मानल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली सिस्ट पाहून 'हिस्टोलिटिका/डिस्पार' एवढंच लिहिता येतं. पुढचं अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी सांगणार.

महिन्याभराने रक्त-शेंब पडणाऱ्या एका मुलीचा नमुना आला, पण दोन तासांचा शिळा. ट्रोफोझोइट तोवर मरून विरघळतात, म्हणून तिला लॅबमध्येच ताजा द्यायला लावला आणि अर्ध्या तासाच्या आत कोमट सलाइनमध्ये पाहिला. आयोडीन लावलं नाही, त्याने ते मरतात. एका दिशेने सरकणारा पारदर्शक अमीबा दिसला, पोटात तीन लाल पेशी. त्या रिपोर्टवर मी तिरकी रेघ दिली नाही.