धावण्याच्या नकाशातून घर पुसताना

मला धावण्याचा नकाशा ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना दाखवायचा होता, पण त्यावरून माझं घर कळायला नको होतं. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या अनेक ॲपमध्ये त्यासाठी सोय असते. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये आपला पत्ता टाकायचा, त्याभोवती किती मीटरचं वर्तुळ हवं ते ठरवायचं, की त्या वर्तुळात येणारी मार्गाची सुरुवात आणि शेवट इतरांना दिसत नाही. मी ४०० मीटर ठेवलं. माझ्या स्वतःच्या खात्यात मार्ग पूर्ण दिसत राहिला, कारण कापलेला भाग मालकाला दिसतोच. म्हणून खरी तपासणी लॉगआउट करून किंवा दुसऱ्याच्या खात्यातून करावी लागते. (आपल्याच फोनवरचा स्क्रीनशॉट ग्रुपमध्ये टाकला तर ही सगळी मेहनत वाया, हे वेगळं सांगायला नको.)

दुसऱ्या खात्यातून रेघा नीट तुटलेल्या दिसल्या. पण मी एका दिशेने धावत नाही. कधी तळ्याकडे जाते, कधी मैदानाकडे, कधी पुलाकडे. तीन मार्ग एकाच नकाशावर ठेवले आणि शाळेतली भूमिती आठवली. तिन्ही रेघा घरापासून बरोबर ४०० मीटरवर तुटल्या होत्या, म्हणजे ती तीन टोकं एकाच वर्तुळावर होती. टोकं जोडली, दोन जोडरेषांचे लंबदुभाजक काढले. ते जिथे छेदतात तो वर्तुळाचा मध्य, आणि मध्य म्हणजे आमची इमारत. जीपीएसच्या चुकीमुळे पाच-दहा मीटर इकडेतिकडे झालं, तेवढंच. वर्तुळ ८०० मीटरचं केलं तरी मध्य जागचा हलत नाही. वर्तुळ वाढवल्याने एकच मार्ग पाहणाऱ्याला घर शोधायला जास्त गल्ल्या धुंडाळाव्या लागतात, पण तीन दिशांचे मार्ग हाती असलेल्याला काही फरक पडत नाही.

यावरचा साधा उपाय म्हणजे वर्तुळाचा मध्य घरावर न ठेवणं. काही ॲप मध्य स्वतःच थोडा सरकवतात. माझ्या ॲपमध्ये मी पत्ता म्हणून दोन गल्ल्या पलीकडचा चौक दिला आणि घर वर्तुळाच्या आत, पण एका बाजूला राहील असं पाहिलं. इथे मी थांबले असते, पण ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला नकाशांचा नाद आहे. त्याला माझं घर माहीत नव्हतं. "बघ सापडतंय का," असं म्हणून त्याला मी मार्ग दाखवले.

त्याने मध्य शोधलाच नाही. त्याने अंतर पाहिलं. तळ्याकडच्या धावण्याचं एकूण अंतर ॲप ८.२० किलोमीटर दाखवत होतं. नकाशावर दिसणारी रेघ त्याने मोजली, ती ७.१२ किलोमीटर भरली. म्हणजे १.०८ किलोमीटर लपवलेलं होतं. जाताना आणि येताना रेघ एकाच ठिकाणी तुटत होती, तेव्हा त्या टोकापासून घर रस्त्याने सुमारे ५४० मीटर. मैदानाकडच्या मार्गावर हाच हिशेब ३६० मीटर आला. तळ्याकडच्या टोकापासून रस्त्यारस्त्याने ५४० मीटर गेलं तर बऱ्याच जागा निघतात. त्यातल्या मैदानाकडच्या टोकापासून ३६० मीटरवर असलेली एकच उरली. "ताई, तुमची गल्ली शाळेमागची का?" त्याने विचारलं. तीच होती. २०२२ साली बेल्जियममधल्या केयू ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी लपवलेलं अंतर आणि रस्त्यांचं जाळं याच दोन गोष्टी जुळवून असे झाकलेले भाग भेदता येतात हे दाखवलं होतं, हेही मला त्याच्याकडूनच कळलं.

मग माझ्या लक्षात आलं की ॲप नुसती रेघ झाकतं, आकडे झाकत नाही. आकड्यांतूनही घर जायला हवं असेल तर फाइल वर चढण्याआधीच कापायला हवी. घड्याळाचं आपोआप सिंक होणं मी बंद केलं नाही, फक्त नव्या नोंदी आधी "फक्त मला" अशा ठेवल्या, आणि सगळ्यांसाठीची कापलेली प्रत वेगळी चढवायचं ठरवलं. मूळ नोंद आधीच चढलेली असेल तर अनेक ॲप दुसरी प्रत "ही आहेच" म्हणून नाकारतात, त्यामुळे मूळ उतरवून घेऊन तिथून काढून टाकावी लागते.

कापायला मी जीपीएक्स फाइल घेते. घड्याळाच्या फिट किंवा टीसीएक्स फाइलमध्ये एकूण अंतराची वेगळी नोंद असते आणि बहुधा प्रत्येक बिंदूजवळ तिथवर झालेलं अंतरही. सुरुवातीचे बिंदू काढले तरी उरलेला पहिला बिंदू "मी ५४० मीटरवर आहे" असं सांगत बसतो. साध्या जीपीएक्समध्ये फक्त जागा, उंची आणि वेळ असते, अंतर ॲप नव्याने मोजतं. टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडली की सेकंदाला एक याप्रमाणे मार्गाचे बिंदू, म्हणजे `<trkpt>` दिसतात. माझ्या वेगाने ५४० मीटरला साधारण २१८ सेकंद लागतात, म्हणजे सुरुवातीचे आणि शेवटचे तेवढे तेवढे बिंदू उडवायचे. पहिल्या कापलेल्या फाइलमध्ये मात्र वरच्या भागात हे राहिलं होतं:

```xml
<metadata><time>2024-03-02T05:41:10Z</time></metadata>
<trkpt ...><time>2024-03-02T05:44:48Z</time>
```

वरची वेळ धावायला सुरुवात केल्याची, खालची उरलेल्या पहिल्या बिंदूची. फरक २१८ सेकंद. त्याला माझ्या वेगाने, सेकंदाला सुमारे अडीच मीटरने, गुणलं की ५४५ मीटर आलेच. आता ती `<metadata>` मधली वेळ मी काढूनच टाकते.

कुठे कापायचं हे ठरवायला मला जास्त वेळ लागला. दर वेळी ठरावीक मीटर कापले की पुन्हा घराभोवती कडं तयार होतं. त्यामुळे मी अंतर सोडून जागा धरल्या. तळ्याकडे आणि पुलाकडे जाणारे दोन्ही मार्ग एका मोठ्या चौकातून जातात, ते दोन्ही तिथेच कापते. मैदानाकडचा मार्ग खूप पुढे, बसथांब्याशी. टोकं आता दोनच आहेत, घरापासून अगदी वेगवेगळ्या अंतरावर, आणि दर वेळी तीच. कितीही नोंदी जमल्या तरी पाहणाऱ्याच्या हाती नवं काही लागत नाही. चौक वर्दळीचा निवडला, कारण आडगल्लीच्या तोंडाशी कापलं तर त्या गल्लीत राहणारी घरंच मोजकी असतात.

एक प्रकार या कापण्यात बसत नाही. लांब धावताना मी मध्येच घरी येऊन पाणी पिते. टोकं कापली तरी मधला भाग तसाच राहतो, आणि थांबलेल्या दोन मिनिटांत बिंदूंचा पुंजका बरोबर दाराशी साचतो. अशा दिवशी एका फाइलच्या दोन करते आणि दोन्हींची घराकडची टोकं नेहमीच्या जागी कापते.

याची किंमत म्हणजे महिन्याची बेरीज कमी दिसते आणि घराजवळच्या चढाच्या ॲपमधल्या शर्यतीत माझं नाव लागत नाही. खरे आकडे घड्याळात आहेत, ते मला पुरतात. जुन्या नोंदी एकेक उतरवून कापण्याइतका धीर मात्र माझ्यात नाही. पहिल्या चौकाच्या अलीकडून सुरू होणाऱ्या सगळ्याच मी "फक्त मला" करून टाकल्या.