एएसएन पाठवला, आणि इगतपुरीला गाडी बंद पडली

आमचा मसाल्याचा कारखाना नाशिकच्या अंबडमध्ये आहे आणि एका मोठ्या खरेदीदाराच्या भिवंडीच्या गोदामात माल देतो. तिथे एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, पोर्टलवर भरल्याशिवाय गाडीला गेटमधून आत घेत नाहीत.

त्या खेपेला हळदीचे २०० आणि मिरचीचे ११२ बॉक्स होते. मिरची दोन बॅचची, ८० आणि ३२. पोर्टलवर पीओ, म्हणजे खरेदीदाराची ऑर्डर, निवडला की मालाची नावं आपोआप येतात, पण मिरचीची ओळ मी फोडून दोन केल्या. एक्स्पायरी वेगळी असेल तर गोदामवाले त्या वेगळ्या जागी लावतात. एका पॅलेटवर ४० बॉक्स, म्हणजे आठ पॅलेट, शेवटच्यावर ३२च. इनव्हॉइस, ई-वे बिल आणि एलआर, म्हणजे ट्रान्सपोर्टरची मालपावती, यांचे नंबर लगेच टाकले. गाडी नंबर मात्र ट्रान्सपोर्टरने फोनवर सांगितलेला मी कधीच टाकत नाही. गाडी दारात लागली की प्लेट बघूनच टाकतो. दुपारी सांगितलेली गाडी संध्याकाळी तीच येईल याचा काय भरवसा? पोहोचण्याची वेळ दिली सकाळी साडेनऊ, स्लॉट दहा ते बारा.

पहाटे चारला सतरा फुटी गाडी निघाली. इगतपुरीजवळ तिची क्लचप्लेट गेली.

ट्रान्सपोर्टरने दुसरी गाडी दिली. आधी ई-वे बिलाच्या पार्ट-बीमध्ये नवा गाडी नंबर टाकला, मग एएसएनमध्ये गाडी, ड्रायव्हरचा मोबाइल आणि वेळ बदलली. गाडी गेटवर लागेपर्यंत पोर्टल हे बदल करू देतं. खरी अडचण पुढे होती. हायवेवर फोर्कलिफ्ट कुठून येणार? हमालांनी पॅलेट सोडून बॉक्स हाताने दुसऱ्या गाडीत लावले. संख्या तीच, ३१२. पण 'आठ पॅलेट' हे आता खरं नव्हतं आणि दोन्ही बॅच मिसळल्या होत्या. पोर्टलवर मी पॅकिंग 'लूज' केलं, शेऱ्यात कारण लिहिलं आणि गोदामाच्या इनवर्ड सुपरवायझरांना फोन लावला.

"साहेब, माल लूज येतोय, मिरचीची बॅच बॉक्सच्या लेबलवर बघावी लागेल."

"बरं झालं सांगितलंत. मी फोर्कलिफ्टवाला लावून ठेवला होता. आता चार माणसं लागतील, रिकामे पॅलेटही काढायला लागतील. पण दहाचा स्लॉट गेला, तीन ते पाच देतो."

गाडी अडीचला गेटवर लागली. उतरवताना लेबलं स्कॅन करून तीन ढीग केले: २००, ८०, ३२. हळदीचे दोन बॉक्स चेपलेले निघाले. जीआरएन, म्हणजे गोदामाने माल घेतल्याची नोंद, ३१० चा झाला आणि दोनाची नोंद एलआरवर ड्रायव्हरच्या सहीने घेतली. त्या दोन बॉक्सची रक्कम ट्रान्सपोर्टरच्या भाड्यातून वळती केली.